हेडलाइट बल्ब, वायपर, चेन ओरिजिनल की डुप्लिकेट? डबा, ठसा आणि फिनिशिंग असं तपासा

पावसाळा तोंडावर आला की वायपर आठवतो, उसाच्या हंगामात रात्रीच्या फेऱ्या वाढल्या की हेडलाइट, आणि चेन तर बाराही महिने. तालुक्याच्या बाजारपेठेत सर्वात जास्त खपणाऱ्या सुट्या भागांत हे तीन येतातच. आणि जे जास्त खपतं त्याचीच नक्कल जास्त होते. दुकानात काउंटरवर एकाच कंपनीच्या नावाचे दोन डबे समोर येतात. एक एमआरपीच्या आसपास, दुसरा जवळपास निम्म्या भावात. दुकानदार म्हणतो, "माल तोच आहे, फक्त बिल नाही." अशा वेळी गिऱ्हाइकाने काय पाहायचं?

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. 'लोकल' आणि 'डुप्लिकेट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा छोटा कारखानदार स्वतःच्या नावाने, स्वतःचा पत्ता छापून चेन विकत असेल, तर ती लोकल चेन. दर्जा कमी-जास्त असेल, पण फसवणूक नाही. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याच कंपनीचं नाव लावलेला माल. कायद्याने गुन्हा हा दुसरा प्रकार आहे. ट्रेडमार्क कायदा १९९९ नुसार खोटं नाव लावून माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून स्वस्त दिसलं की लगेच 'डुप्लिकेट' म्हणू नये, आणि महाग दिलं म्हणून ओरिजिनलच असेल असंही धरू नये. बनावट माल पूर्ण एमआरपीला विकला जातो तेव्हा तर गिऱ्हाइकाला संशयही येत नाही.

तपासायच्या गोष्टी तीन: डब्यावरची छपाई, वस्तूवरचा ठसा आणि वस्तूचं फिनिशिंग. यांचं वजन मात्र सारखं नाही. छपाईची नक्कल सगळ्यात सोपी, कारण त्यासाठी फक्त स्कॅनर आणि छापखाना लागतो. धातूवरचा ठसा थोडा अवघड, कारण त्याला डाय बनवावी लागते. फिनिशिंग सगळ्यात अवघड, कारण त्यासाठी चांगलं पोलाद, भट्टी आणि अचूक मशिन लागतात, आणि नेमका तोच खर्च वाचवण्यासाठी बनावटवाला धंद्यात उतरलेला असतो. त्यामुळे डबा चांगला दिसला म्हणून समाधान मानू नये, वस्तू हातात घेऊन बघावी.

डबा बघताना

पाकीटबंद मालावर काय छापायचं हे वैधमापन शास्त्राच्या २०११ च्या नियमांत ठरलेलं आहे. बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, वस्तूचं नाव, नग किती, महिना आणि वर्ष, सर्व करांसहित एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क. माल बाहेरून आणलेला असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि कोणत्या देशात बनला तेही हवं. बनावट डब्यांवर बऱ्याचदा पत्ता अर्धवट असतो. कंपनीचं नाव ठळक आणि खाली फक्त 'मेड इन इंडिया', गाव नाही, पिन कोड नाही. तक्रारीचा नंबर असेल तर दुकानातूनच लावून बघा. लागतच नसेल किंवा भलत्याच माणसाने उचलला, तर संशयाला जागा आहे.

छपाईची खरी परीक्षा बारीक अक्षरात आहे. मोबाइलचा कॅमेरा झूम करून पत्त्याच्या ओळीवर धरा. कंपनी आपला डबा मूळ डिझाइनवरून छापते, त्यामुळे काळी अक्षरं सलग काळ्या शाईची आणि कडेला स्वच्छ असतात. नक्कल करणारा तयार डबा स्कॅन करून पुन्हा छापतो. स्कॅन केलेलं अक्षर हे चित्र होऊन जातं, आणि चित्र रंगांच्या ठिपक्यांनी छापलं जातं. म्हणून झूम केल्यावर अक्षराच्या कडा केसाळ दिसतात, आत निळे-लाल ठिपके दिसतात आणि सगळ्यात बारीक ओळ तर धड वाचताच येत नाही. डब्यावर हिंदी किंवा मराठी मजकूर असेल तर तोही वाचा. तुटलेली जोडाक्षरं, उलटी पडलेली वेलांटी अशा चुका इंग्रजी मजकुरापेक्षा तिथे लवकर सापडतात, कारण नक्कल करणाऱ्याने तो मजकूर वाचलेलाच नसतो.

दुसरी जागा म्हणजे तारीख आणि बॅच नंबर. खऱ्या कारखान्यात डबे आधी छापून येतात आणि तारीख-बॅच माल भरताना टाकतात. त्यामुळे ती अक्षरं बहुधा वेगळ्या शाईची, थोडी ठिपक्यांची किंवा शिक्क्यासारखी असतात, थोडी तिरकीही बसतात. तारीख, बॅच आणि बाकीचा मजकूर एकाच शाईत, एकाच टायपात, एकदम छापलेला असेल तर विचारात पडावं. एकाच खोक्यातल्या सगळ्या डब्यांवर एकच बॅच असणं मात्र नैसर्गिक आहे, त्यावरून शंका घेऊ नये. सहा महिन्यांनी पुन्हा त्याच दुकानात गेल्यावर, नव्याने आलेल्या मालावरही तोच बॅच नंबर आणि तीच तारीख दिसली, तर ते बोलकं आहे.

किमतीवरचा स्टिकरही नीट बघावा. एमआरपी कमी केली असेल तर कमी किमतीचा स्टिकर लावायला नियमात परवानगी आहे, पण त्याने मूळ छापील एमआरपी झाकता कामा नये. खालची किंमत झाकून वर जास्त किंमत चिकटवलेली असेल तर तो प्रकार चुकीचा. माल खरा असला तरी चुकीचा.

क्यूआर कोड आणि चमकणारा होलोग्राम यावर लोकांचा फार विश्वास आहे, तेवढा ठेवू नये. कोड स्कॅन केल्यावर कंपनीची वेबसाइट उघडली, याचा अर्थ फक्त एवढाच की तो कोड वेबसाइटकडे नेतो. एक कोड हजार डब्यांवर छापता येतो. उपयोगाचा असतो तो प्रत्येक डब्याला वेगळा असलेला, खरवडून बघायचा कोड. तो टाकल्यावर 'हा कोड आधीच तपासला आहे' असं उत्तर आलं तर डबा परत करावा. आणि स्कॅन केल्यावर उघडणारा पत्ता वाचावा. कंपनीच्या नावात एखादं अक्षर बदललेली साइटही बनवता येते.

डबा खरा आणि माल खोटा असंही होतं. गॅरेजमधले रिकामे डबे भंगारात जातात आणि तिथून पुन्हा भरून बाजारात येऊ शकतात. चिकटपट्टी दोनदा लावल्याच्या खुणा, कोपरे मऊ पडलेले, आत तेलाचे डाग, डब्यावरची तारीख जुनी आणि वस्तू कोरी, असं दिसलं तर तो डबा दुसऱ्यांदा भरलेला असू शकतो. स्वतःचा डबा टाकून देताना फाडून टाकावा.

हेडलाइट बल्ब

आपल्याकडच्या पुष्कळ कार आणि जीपमध्ये एच४ प्रकारचा, १२ व्होल्ट ६०/५५ वॅटचा बल्ब असतो. बऱ्याच मोटरसायकलींना एचएस१ प्रकारचा ३५/३५ वॅटचा लागतो. दोन्ही दिसायला जुळे भाऊ, म्हणून आधी जुन्या बल्बवरचा प्रकार आणि वॅट वाचून मगच नवा मागावा.

बल्बच्या धातूच्या गळ्यावर मजकूर असतो: कंपनीचं नाव, प्रकार, व्होल्ट, वॅट. बाहेरच्या देशांतही विकल्या जाणाऱ्या बल्बवर वर्तुळात इंग्रजी 'ई' हे अक्षर, शेजारी एक आकडा आणि पुढे मंजुरीचा नंबर असतो. तो आकडा म्हणजे मंजुरी देणारा देश. १ म्हणजे जर्मनी, २ म्हणजे फ्रान्स, ४ म्हणजे नेदरलँड्स. बनावट बल्बवर कधी वर्तुळ असतं पण आत आकडाच नसतो, कधी आकडा असतो पण मंजुरीचा नंबर नसतो. आणखी एक साधी गोष्ट: डब्यावर ६०/५५ आणि गळ्यावर १००/९०, किंवा डब्यावर एका कंपनीचं नाव आणि गळ्यावर कोणाचंच नाही. डबा आणि वस्तू एकमेकांशी बोलत नसतील तर तिथेच थांबावं.

ठसा चांगल्या बल्बवर कोरलेला, दाबलेला किंवा पक्क्या छपाईचा असतो. गळ्यावरून अंगठा जोरात घासून बघा. शाई बोटाला आली किंवा अक्षर पुसट झालं तर माल संशयास्पद. हे करताना काचेला मात्र हात लावू नये. हॅलोजन बल्बची काच पेटल्यावर फार तापते, आणि बोटाचा तेलकट डाग राहिला तर त्या जागी काच खराब होऊन बल्ब लवकर जातो. दुकानदार काच धरूनच बल्ब दाखवत असेल तर कागदात धरायला सांगावं.

आता फिनिशिंग. एच४ बल्ब उजेडाकडे धरून आत बघा. दोन बारीक गुंडाळलेल्या तारा दिसतील. टोकाकडच्या तारेखाली छोटी धातूची वाटी असते. ती डिपरची तार, आणि वाटी तिचा खालचा प्रकाश अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यात उजेड जात नाही. मागची तार अप्परची. दोन्ही तारा बल्बच्या लांबीच्या दिशेने सरळ आणि गुंडाळी एकसारखी हवी. तार तिरकी, मध्ये झोळ पडलेली, वाटी वाकडी, काच गळ्यात कललेली, टोकावरचा काळा रंग ओघळलेला, मागच्या तीन पात्यांवर डागाचे गोळे, हे सगळं घाईत बनवलेल्या मालाचं लक्षण. तारेची जागा मिलिमीटरच्या काही दशांशाने सरकली तरी रस्त्यावरचा प्रकाश बदलतो, कारण मागचा आरसा त्या जागेच्या हिशेबानेच बनवलेला असतो. डुप्लिकेट बल्बचा उजेड भरपूर दिसतो पण रस्ता दिसत नाही, अशी तक्रार होते ती यामुळे.

ही गोष्ट घरी भिंतीवर तपासता येते. जुना बल्ब चालू असेल तर तो काढण्याआधीच गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून साधारण पाच मीटरवर सरळ उभी करा. डिपर लावा आणि प्रकाशाची वरची कड खडूने आखा. मग नवा बल्ब नीट बसवून, गाडी न हलवता पुन्हा बघा. कारमध्ये डिपरची वरची कड स्पष्ट आणि आडवी दिसायला हवी, आणि आपल्याकडे डावीकडून गाडी चालते म्हणून डाव्या बाजूला ती थोडी वर चढते. नव्या बल्बने ती कड विरघळून गेली, वरती ढगासारखा उजेड पसरला किंवा कड खूप वर-खाली सरकली, तर बल्बची तार जागेवर नाही. आधी बल्बची तिन्ही कानं खाचेत बरोबर बसली आहेत ना, हे मात्र पाहून घ्या. चुकीचा बसलेला ओरिजिनल बल्बही असाच उजेड पाडतो.

जास्त वॅटचा मोह हा वेगळा धोका. १२ व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब सुमारे ५ अँपिअर करंट घेतो, १०० वॅटचा ८ च्या वर. गाडीची वायर, स्विच आणि होल्डर पाचच्या हिशेबाने दिलेले असतात. होल्डरचं प्लास्टिक तपकिरी पडणं, जळका वास येणं, मग आरशाचा मुलामा उडणं, हा क्रम गॅरेजवाल्यांना पाठ आहे. निळसर काचेच्या 'सुपर व्हाइट' बल्बवर जिथे-तिथे मोठे आकडे छापलेले असतात. निळा रंग प्रकाश वाढवत नाही, थोडा अडवतोच. धुक्यात आणि पावसात त्याचा काही फायदा नाही.

वायपर

वायपरमध्ये ठसा कमी आणि रबर जास्त महत्त्वाचं. जुन्या वायपरची लांबी टेपने मोजून न्यावी. दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असू शकते, हे विसरू नये.

काचेला लागणारी रबराची धार म्हणजे वायपरचा जीव. चांगल्या कारखान्यात दोन रबरं जोडून बनवतात आणि मग पात्याने मधोमध कापतात, त्यामुळे धार सरळ आणि तीक्ष्ण येते. बनावट मालात धार साच्यातूनच काढलेली असते, म्हणून कडेला पापुद्रा राहतो किंवा धार लाटेसारखी असते. रबर डोळ्यासमोर आडवं धरून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बंदुकीच्या नळीसारखं बघितलं की हे लगेच कळतं. धार नखाने वाकवून सोडा, ती ताबडतोब सरळ व्हायला हवी. वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या तर रबर जुनं किंवा हलकं. धातूच्या पट्टीची कडही बघा, रंगाखाली गंज किंवा बोटाला लागणारी धारदार कड चांगल्या मालात नसते. चापाचा प्लास्टिक भाग हुकावर 'टक्' आवाज करून बसला पाहिजे. हुकावर ढिला राहिला तर पावसात वायपर सुटून धातूचा दांडा काचेवर ओरखडा पाडतो, आणि त्या ओरखड्याचा खर्च वायपरच्या कितीतरी पट असतो.

वर्षभर उन्हात टांगून ठेवलेला ओरिजिनल वायपरही वाया गेलेला असतो. तो बनावट नाही, पण घेऊ नये.

मोटरसायकलची चेन

या तिन्हींत जिवावर बेतणारी वस्तू चेन. चालत्या गाडीत ती तुटली तर मागच्या चाकात अडकून चाक जाम होऊ शकतं, किंवा पुढे उसळून इंजिनची केसिंग फोडू शकते.

आपल्याकडच्या बहुतेक साध्या गाड्यांना ४२८ नंबरची चेन लागते. या नंबरचा अर्थ कळला तर अर्धं काम झालं. ४२८ चेनच्या एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. पुढे 'एच' असेल तर पट्ट्या जाड, भार जास्त सोसणारी. त्यापुढचा आकडा, उदाहरणार्थ ११८एल, म्हणजे कड्या ११८. मोठ्या गाड्यांना ५२० नंबरही लागतो, त्याचं अंतर १५.८७५ मिलिमीटर. ४२८च्या गाडीला ५२० बसत नाही, पण 'एच' नसलेली ४२८ ही ४२८ एचच्या जागी खुशाल बसते. फसवणूक तिथेच होते.

चेन नवी असली तरी आधी कापडाने पुसावी. कंपनीच्या चेनला हलकं, सगळीकडे सारखं ग्रीस असतं. जाड काळ्या ग्रीसचा थर असेल तर खाली गंज किंवा ठशाचा अभाव दडलेला असू शकतो. पुसल्यावर बाहेरच्या पट्ट्यांवर कंपनीचं नाव किंवा खूण आणि नंबर दिसतो. काही कंपन्या प्रत्येक बाहेरच्या पट्टीवर ठसा देतात, काही एकाआड एक देतात. म्हणून आपल्याच गाडीची कारखान्यातून आलेली चेन हा सर्वात चांगला नमुना. नवी गाडी घेतली की चेनचा, बल्बचा आणि वायपरचा जवळून फोटो काढून ठेवावा. तीन वर्षांनी तुलना करायला तोच उपयोगी पडतो. खरा ठसा सगळ्या पट्ट्यांवर एका खोलीचा, एका दिशेला आणि पट्टीच्या मधोमध असतो. बनावटमध्ये काही पट्ट्यांवर खोल, काहींवर पुसट, काही कोऱ्या, अक्षरं कडेला सरकलेली असं दिसतं.

मग पिनांची टोकं बघा. पट्टीच्या बाहेर आलेलं पिनचं टोक ठोकून पसरवलेलं असतं, म्हणजे पट्टी निघू नये. सगळ्या पिनांवर ती ठोक एकसारखी हवी. एक पिन जास्त बाहेर, एक आत, एकाची ठोक अर्धवट, असं असेल तर चेन तिथूनच सुटते. रोलर एकेक बोटाने फिरवा. सहज फिरायला हवा. रोलरवर उभी सांध्याची रेष दिसली तर तो पट्टी गुंडाळून बनवलेला आहे. हलक्या मालात ते दिसतं. पण सांध्याची रेष म्हणजे बनावट असं नाही, फक्त दर्जाची खूण म्हणून पाहावी. पट्ट्यांच्या कडेवर बोट फिरवल्यावर कपडा अडकेल असे खडबडीत काटे नकोत. शेवटी चेन हातात धरून एकेक कडी वाकवा, अडकणारी कडी नव्या चेनमध्ये नसावी.

एक हिशेब मात्र कोणालाही करता येतो, आणि तो फसवता येत नाही. समजा, एका शेतकऱ्याच्या गाडीला ४२८एच ११८एल चेन हवी आहे. दुकानात दोन डबे आहेत, दोन्हीवर एकच नाव, पण दुसरा जवळपास निम्म्या भावात. दुसऱ्या डब्यावरचा पत्ता झूम केल्यावर ठिपक्यांचा दिसतो, आणि तारीख-बॅच बाकीच्या मजकुराच्याच शाईत आहे. एवढ्यावर निकाल देता येत नाही, म्हणून दोन्ही चेन काउंटरवर पसरून पुसल्या. पहिल्या चेनवर नाव आणि '४२८एच' सगळीकडे सारखं. दुसरीवर काही पट्ट्यांवर नुसतं '४२८', 'एच' कुठेच नाही. पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या धरल्या, तर दुसरीच्या पट्ट्या डोळ्यांनाही पातळ दिसतात. आता कड्या मोजल्या. लॉकची कडी धरून पहिली ११८ भरते, म्हणजे ५९ जोड्या. दुसरी ११६. दोन कड्या कमी असतील तर ताण देण्याची जागा पुरत नाही, किंवा मागचं चाक ओढून पुढे घ्यावं लागतं.

मग सुताराचा स्टीलचा टेप आणला. चेन सपाट फळीवर ठेवून, हाताने ताणून सरळ केली. एका पिनच्या मध्यापासून ४० कड्या मोजून ४१व्या पिनच्या मध्यापर्यंत अंतर घेतलं. १२.७ गुणिले ४०, म्हणजे ५०८ मिलिमीटर यायला हवं. पहिली चेन ५०८ च्या अगदी जवळ. दुसरी ५११. नव्या चेनमध्ये एवढ्या लांबीत अर्धा-पाऊण मिलिमीटरचा फरक चालून जातो, तीन मिलिमीटर हा मोजमापाच्या चुकीत बसत नाही. याचा अर्थ भोकं जागेवर नाहीत किंवा पिन आणि बुश ढिले आहेत. अशी चेन बसवल्या बसवल्याच थोडी झिजलेल्या चेनसारखी वागते, स्प्रॉकेटचे दात खाते. छपाई, ठसा आणि माप हे तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवत आहेत. दुसरा डबा परत ठेवला, हे बरं झालं.

यातही मर्यादा आहे. पोलाद भट्टीत नीट कडक केलं आहे की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. ते फक्त वापरात किंवा प्रयोगशाळेत कळतं. म्हणून चेन बसवताना ५०८ चं माप वहीत लिहून ठेवावं आणि साधारण ५०० किलोमीटरनंतर, ती तेल लावलेली आणि नीट ताणलेली असताना, पुन्हा मोजावं. ५ मिलिमीटरची वाढ म्हणजे एक टक्का झीज. नवी चेन काही शे किलोमीटरमध्येच तिथे पोहोचली तर माल मऊ होता. जुनं झिजलेलं स्प्रॉकेट तसंच ठेवून नवी चेन घातली असेल तर चांगली चेनही लवकर लांबते, ती चूक चेनवाल्याच्या माथी मारू नये. लॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं. उलटी बसली तर क्लिप निघून पडते, आणि मग 'डुप्लिकेट होती' म्हणून विनाकारण बोंब होते.

संशय आला तर

बिल मागायचं ते विकत घेतानाच. बिलावर दुकानाचं नाव, वस्तूचं नाव आणि नंबर, आणि असेल तर जीएसटी नंबर. हा नंबर पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो. तो gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये टाकला की दुकानाचं नाव दिसतं. छोट्या दुकानदाराकडे जीएसटी नोंदणी नसू शकते, पण साधं बिल देणं त्यालाही जड नाही. "बिल नाही म्हणून स्वस्त" याचा व्यवहारातला अर्थ असा की उद्या वस्तू तुटली तर ती त्याच्याकडून घेतल्याचा पुरावा तुमच्याकडे नाही.

वस्तू बनावट वाटली तर ती, डबा आणि बिल एका पिशवीत जपून ठेवा. डबा फाडायचा तो तक्रारीचा विषय नसताना. चेन तुटली असेल तर तुकडे धुऊ नका. ठशाचे, पिनांचे आणि डब्यावरच्या बॅचचे स्वच्छ उजेडात फोटो काढा. आधी दुकानदाराकडे जावं, कारण अनेकदा ठोक व्यापाऱ्याने त्यालाही फसवलेलं असतं आणि तो बदलून देतो. मग ज्या कंपनीचं नाव आहे तिच्या ग्राहक सेवेला फोटो पाठवावेत. आपल्या नावाचा खोटा माल विकला जातोय हे समजून घेण्यात तिचा स्वतःचा फायदा असतो, आणि वस्तू आपली आहे की नाही हे खात्रीने तीच सांगू शकते. तिचं लेखी उत्तर मिळालं तर ते पुढे सगळ्यात मोठा पुरावा ठरतं.

तिथेही भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवता येते. नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करायची सोय दिली आहे, त्यामुळे वस्तू पुण्या-मुंबईतून किंवा ऑनलाइन घेतली असली तरी तिकडे चकरा माराव्या लागत नाहीत. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.